भूलभुलैयातला सर्वात छोटा रस्ता: दिशांचा क्रम बदलला की डीएफएसचं उत्तर का बदलतं?

पाऊलखुणा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. दोन संध्याकाळी एकाच प्रश्नावर घालवल्या, आता इथे विचारतो.

प्रश्न नेहमीचाच आहे. ग्रिड दिलंय, `.` म्हणजे मोकळं घर आणि `#` म्हणजे भिंत. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे एकेक पाऊल टाकता येतं. डाव्या वरच्या कोपऱ्यातून उजव्या खालच्या कोपऱ्यात कमीत कमी किती पावलांत पोचता येईल ते सांगायचं. मी डीएफएस लिहिलं:

```python
def dfs(r, c, steps):
    global best
    seen[r][c] = True
    if (r, c) == goal:
        best = min(best, steps)
        return
    for dr, dc in dirs:
        nr, nc = r + dr, c + dc
        if is_open(nr, nc) and not seen[nr][nc]:
            dfs(nr, nc, steps + 1)
```

नमुन्याची दोन्ही उदाहरणं बरोबर आली. सबमिट केल्यावर तिसऱ्या टेस्टला चुकीचं उत्तर. मग शोधत बसलो आणि एक गोष्ट दिसली, तिने झोपच उडाली. भिंत एकही नाही असं ३×३चं ग्रिड घेतलं. `dirs`मध्ये उजवी आणि खालची दिशा आधी ठेवली तर उत्तर ४ येतं. वर, खाली, डावी, उजवी असा क्रम ठेवला तर उत्तर ८!

मी प्रत्येक घरातून चारही दिशा बघतोय, शेवटच्या घरी पोचलो की दर वेळी `min` घेतोय. मग कुठलाही रस्ता सुटेलच कसा? "बीएफएस वापर" एवढं एका ओळीत सांगू नका, ते मलाही ठाऊक आहे. यात नेमकं कुठे चुकतंय ते समजून घ्यायचंय.

---

सरळरेषा

तुमचं शेवटचं घरही `seen` होतंय, तिथेच घोळ आहे. एकदा तिथे पोचलात की दुसऱ्या रस्त्याने पुन्हा तिथे जाताच येत नाही, मग `min` कशाचा घेणार? शेवटच्या घराची तपासणी वर घ्या आणि `seen`वाली ओळ त्याच्या खाली. मी आत्ताच चालवून बघितलं, तुमच्याच क्रमाने ३×३ला ४ आलं. एका ओळीचा बदल आहे.

---

पाऊलखुणा

बदल केला, खरंच ४ आलं! सबमिट करतो.

(थोड्या वेळाने) तिसरी टेस्ट पास झाली, पाचवीला पुन्हा चुकलं. म्हणजे अजून काहीतरी आहेच.

---

जुनाखांब

सरळरेषा यांनी जे हेरलं ते खोटं नाही, पण दुखणं त्याच्या एक पायरी मागे आहे. कागद घ्या आणि तुमच्या क्रमाने, म्हणजे वर, खाली, डावी, उजवी, डीएफएस स्वतः चालून बघा. प्रत्येक घरात आपण कितव्या पावलाला शिरलो तो आकडा लिहायचा.

(०,०)मधून वर जाता येत नाही, म्हणून खाली. मग पुन्हा खाली. आता (२,०)त आहोत: वरचं घर पाहिलेलं, खाली आणि डावीकडे ग्रिड संपलं, म्हणून उजवीकडे. आता (२,१). इथे नीट बघा. शेवटचं घर अगदी शेजारी, उजव्या हाताला आहे. पण क्रमात "वर" आधी येतं आणि वरचं घर मोकळं आहे, म्हणून आपण वर चढतो. मध्यावरच्या घरातून पुन्हा वर, मग उजवीकडे, मग खाली, खाली. चित्र असं होतं:

```
0 5 6
1 4 7
2 3 8
```

नऊच्या नऊ घरं एकाच दमात संपली. मागे फिरताना (२,१) पुन्हा उजवीकडे बघतं, तर शेवटचं घर `seen`. म्हणून ८.

आता खरं अंतर किती आहे ते बघा:

```
0 1 2
1 2 3
2 3 4
```

मध्यावरच्या घराकडे लक्ष द्या. खरं अंतर २ आहे आणि आपण तिथे चौथ्या पावलाला शिरलो. शिरताक्षणी `seen` लावलं. त्या खुणेचा अर्थ काय होतो? "या घराचा निकाल लागला, आता इथे कोणी येऊ नका." नंतर कोणी दोनच पावलांत तिथे आला तरी त्याला दारातूनच परत पाठवलं जातं. तुम्ही चारही दिशा बघता हे खरं. पण प्रत्येक घरातून पुढे फक्त एकदाच जाता, आणि ते एकदा म्हणजे जो कोणी पहिला आला त्याच्या हिशेबाने. पहिला आलेला जवळच्याच वाटेने आलाय याची हमी डीएफएस देत नाही.

शेवटचं घर `seen` न करण्याचा उपाय ३×३त का चालला? (२,१) शेवटच्या घराला लागूनच आहे आणि आपण नशिबाने तिथे योग्य अंतराने, म्हणजे ३ने, शिरलो होतो. आता खाली एक ओळ जोडा आणि शेवट तिथे न्या:

```
...
...
...
##.
```

शेवट (३,२). तिथे जायला (२,२) हे एकच दार, आणि त्या दारात आपण आठव्या पावलाला शिरलोय. उत्तर ९ येतं, खरं उत्तर ५. पाचव्या टेस्टमध्ये असंच काहीतरी असणार.

---

सरळरेषा

चालवून बघितलं, ९च येतंय. मान्य. मी शेवटच्या घराचाच विचार केला, मधल्या घरांचीही तीच गत होते हे सुटलं माझ्याकडून.

---

रिकामीजागा

मग मागे फिरताना खूण पुसून टाका. फंक्शनच्या शेवटी `seen[r][c] = False`, आणि शेवटचं घर सापडल्यावर `return` करण्याआधीही तेच. नंतर येणाऱ्याला घर पुन्हा मोकळं मिळतं, एकही रस्ता सुटत नाही. उत्तर हमखास बरोबर येणार.

---

पाऊलखुणा

केलं. ३×३ला ४, खालची ओळ जोडून ५. दिशा कशाही लावल्या तरी उत्तर तेच. वाटलं सुटलो!

मग मोकळं ६×६ दिलं. बराच वेळ घेतला, पण १० आलं. ७×७ दिलं आणि अर्ध्या तासाने हात टेकले, प्रोग्राम बंद केला. प्रश्नात ग्रिड १०००×१०००पर्यंत आहे. एक ओळ, एक रांग वाढवली तर इतका फरक?

---

जुनाखांब

रिकामीजागा म्हणतात ते बरोबरच आहे, उत्तर हमखास खरं येईल. फक्त ते यायला हवं. खूण पुसली की आपण एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात जाणाऱ्या, एकही घर दुसऱ्यांदा न तुडवणाऱ्या सगळ्याच्या सगळ्या वाटा चालतो. अशा वाटांची संख्या मोजलेली आहे. मोकळ्या ३×३त १२, ४×४त १८४, ५×५त ८,५१२, ६×६त १२,६२,८१६ आणि ७×७त ५७,५७,८०,५६४. एक ओळ आणि एक रांग वाढली की साडेचारशे पट. ८×८च्या नादाला लागू नका.

आपल्याला हवी आहे फक्त सर्वात छोटी. ६×६त ती १० पावलांची, पण त्याच ग्रिडमध्ये तीसहून जास्त पावलांच्याही वाटा आहेत, आणि डीएफएस त्या सगळ्या इमानदारीने चालतं.

---

मधलीवाट

यात मधला मार्ग आहे, मी तोच वापरते. `seen`ऐवजी प्रत्येक घराचं आजवरचं सर्वात कमी अंतर ठेवायचं. आधीपेक्षा कमी पावलांत आलात तरच आत घ्यायचं, नाहीतर परत.

```python
if is_open(nr, nc) and steps + 1 < dist[nr][nc]:
    dist[nr][nc] = steps + 1
    dfs(nr, nc, steps + 1)
```

मध्यावरच्या घरात आधी ४ लिहिलं जाईल, नंतर कोणी २ने आला की ४ खोडून २, आणि तिथून पुढचा हिशेब पुन्हा. उत्तर कायम बरोबर येतं आणि ७×७ तर क्षणात सुटतं.

---

रिकामीजागा

पण वाईटात वाईट परिस्थितीत तेही दरवेळी दुप्पट-चौपट वाढतच जाणार ना? शेवटी डीएफएसच आहे.

---

जुनाखांब

नाही, इथे मधलीवाट यांची बाजू घेतो. प्रत्येक पाऊल एकाच किमतीचं आहे, म्हणून अंतर हा पूर्णांक. एकूण घरांची संख्या ‘न’ मानली तर कुठल्याही घराचं अंतर न पेक्षा मोठं नसतं, आणि पुन्हा आत शिरायचं तर ते दरवेळी कमी व्हायलाच हवं. म्हणजे एका घरात जास्तीत जास्त न वेळा. ग्रिडमध्ये तर एका घराच्या सगळ्या वाटा एकतर सम लांबीच्या किंवा विषम, म्हणून अंतर दरवेळी निदान २ने उतरतं, ती मर्यादाही निम्मी होते. एकूण काम न वर्गाच्या आत.

पण १०००×१०००त न म्हणजे दहा लाख, त्याचा वर्ग एकावर बारा शून्यं. प्रत्यक्षात इतकं होईलच असं नाही, पण होणार नाही याचीही खात्री नाही. बीएफएस प्रत्येक घरात एकदाच जातं. हा फरक लहान नाही.

आणि रिकर्शनचं काय? पायथनमध्ये मुळात १०००ची मर्यादा असते. पाऊलखुणा यांच्या क्रमाने मोकळ्या ग्रिडमध्ये डीएफएस सापासारखं वळत एका दमात सगळी घरं व्यापतं, हे वरच्या चित्रात दिसलंच. ३१×३१ म्हणजे ९६१ घरं, तिथवर निभेल. ३२×३२ म्हणजे १०२४, तिथे `RecursionError`. `dist` ठेवलं तरी पहिली फेरी तशीच सापासारखी जाते.

---

भिंतीपलीकडे

मला जरा वेगळा अनुभव आहे. मी स्वतः भूलभुलैया तयार करणारा प्रोग्राम लिहिलाय आणि त्यातून सुटायला डीएफएसच वापरतो, अगदी पाऊलखुणा यांच्यासारखंच `seen` लावून. शेकडो वेळा चालवलं, पडताळायला सोबत बीएफएसही चालवलं, दोघांचं उत्तर दर वेळी एकच. दिशा बदलून पाहिल्या, तरी तेच. त्यामुळे "डीएफएस चुकतं" हे माझ्या गळी उतरत नाही.

---

जुनाखांब

तुमचा भूलभुलैया बनवायची रीत कोणती? सगळ्या भिंती भरून सुरुवात, मग एखाद्या घरातून न पाहिलेल्या शेजाऱ्याकडे भिंत फोडत जायचं आणि कोंडी झाली की मागे फिरायचं, अशी?

---

भिंतीपलीकडे

हो, तशीच.

---

जुनाखांब

मग उलगडा झाला. त्या रीतीत भिंत तेव्हाच फुटते जेव्हा पलीकडचं घर अजून जोडलेलं नसतं. म्हणून त्यात फेरा कधीच तयार होत नाही. झाडाच्या फांद्यांसारखं असतं ते, कुठल्याही दोन घरांमध्ये एकच वाट. जिथे वाटच एक, तिथे सर्वात छोटीही तीच आणि सर्वात लांबही तीच. डीएफएस चुकणार कुठून? एखादं घर लांबच्या वाटेने आधी गाठायचं तर दुसरी वाट असावी लागते.

एक करून बघा. तयार भूलभुलैयातल्या दहा-पंधरा भिंती कुठल्याही पाडा आणि तुमची तीच पडताळणी पुन्हा चालवा. प्रत्येक पाडलेली भिंत एक फेरा तयार करते.

---

भिंतीपलीकडे

वीस भिंती पाडून शंभर वेळा चालवलं. बऱ्याच वेळा डीएफएसचा आकडा मोठा आला, एकदा तर बीएफएसच्या दुपटीहून जास्त. भूलभुलैया माझाच होता आणि तो कसा आहे हेच मी बघितलं नव्हतं. बरं झालं विचारलं.

---

पाऊलखुणा

मला आता रोग कळला. `seen` म्हणजे "निकाल लागला" आणि डीएफएसमध्ये तो निकाल घाईने लागतो. मग बीएफएसमध्येही आपण `seen` लावतोच की. तिथे तोच निकाल खरा कसा ठरतो?

---

जुनाखांब

हाच प्रश्न विचारायला हवा होता. क्यूमध्ये आधी ० अंतराचं घर, मग त्याचे शेजारी म्हणजे १ची सगळी घरं, त्यांच्या मागे २ची. २चं घर बाहेर काढून त्याचे शेजारी आत टाकतो तेव्हा ते ३चे असतात आणि मागच्या टोकाला जातात. म्हणून क्यूमध्ये कधीही लागोपाठच्या दोनच अंतरांची घरं असतात, आणि लहान अंतराची पुढे. ३ला हात लावण्याआधी २ची सगळी घरं संपलेली असतात. तेव्हा एखादं घर पहिल्यांदा दिसलं, तर त्याहून कमी पावलांत तिथे येणारा कोणी मागे उरलेलाच नसतो. तोच `seen`, पण इथे त्याला आधार आहे.

ही रीत जुनी आहे. एडवर्ड मूर यांनी १९५९ साली भूलभुलैयातला छोटा रस्ता काढण्यासाठीच ती छापली, आणि १९६१ साली सी. वाय. ली यांनी विजेच्या सर्किटमधल्या तारांचा मार्ग ठरवायला ग्रिडवर हीच लाट सोडली. वरचं ०, १, २वालं चित्र म्हणजे ती लाटच.

---

पाऊलखुणा

बीएफएस लिहिलं. ३×३, ७×७ लगेच बरोबर. पण मोकळ्या २०×२०ला संगणकाचा पंखा जोरात फिरायला लागला, मेमरी भरत भरत शेवटी प्रोग्राम मेला. दहा लाख घरांचं कसं होणार?

```python
while q:
    r, c, d = q.popleft()
    seen.add((r, c))
    if (r, c) == goal:
        return d
    for dr, dc in dirs:
        n = (r + dr, c + dc)
        if is_open(*n) and n not in seen:
            q.append((*n, d + 1))
```

---

सरळरेषा

बीएफएस मेमरी खातंच. डीएफएसला फक्त चालू वाटेपुरती जागा लागते, बीएफएसला अख्खी लाट सांभाळावी लागते. १०००×१०००ला हे होणारच.

---

मधलीवाट

थांबा, ४०० घरांत मेमरी भरते म्हणजे हे लाटेचं काम नाही. पाऊलखुणा, तुमची खूण बाहेर काढताना लागते. आत टाकताना लावा.

(०,१) आणि (१,०) दोघेही मध्यावरच्या (१,१)ला शेजारी. पहिल्याने (१,१) क्यूमध्ये टाकलं. ते अजून बाहेर निघालेलं नाही, म्हणून `seen` नाही. दुसरा येतो, त्यालाही ते मोकळंच दिसतं, तोही टाकतो. आता (१,१)च्या दोन प्रती, आणि बाहेर काढताना तुम्ही तपासतही नाही, म्हणून दोन्ही प्रती आपापले शेजारी पुन्हा आत टाकणार. मीही एकदा याच खड्ड्यात पडले होते. उत्तर बरोबर येत असल्यामुळे चूक किती वेळ दिसलीच नव्हती.

---

जुनाखांब

अगदी बरोबर पकडलंत. पुढे हिशेब करा: एखाद्या घराच्या क्यूमध्ये तितक्या प्रती पडतात, जितक्या सर्वात छोट्या वाटा तिथे येतात. ३×३च्या शेवटच्या घराच्या ६. १०×१०ला ४८,६२०. २०×२०ला ३५,३४,५२,६३,८००, म्हणजे साडेतीन हजार कोटी. म्हणून लहान ग्रिडवर काहीच जाणवत नाही आणि मग एकदम पंखा फिरतो. असं झालंय का ते ओळखायला किती वेळा `popleft` झालं ते मोजा. तो आकडा मोकळ्या घरांपेक्षा मोठा आला की खूण उशिरा लागतेय. दुरुस्ती:

```python
if is_open(*n) and n not in seen:
    seen.add(n)
    q.append((*n, d + 1))
```

सुरुवातीचं घर `while`च्या आधीच `seen`मध्ये टाका, आणि बाहेर काढतानाची ओळ काढून टाका.

सरळरेषा, मेमरीचं तुम्ही म्हणता ते झाडांच्या बाबतीत खरं आहे, जिथे प्रत्येक पातळीला फांद्या कित्येक पटींनी वाढतात. ग्रिडमध्ये तसं होत नाही, कारण फांद्या पुन्हा त्याच घरांत येऊन मिळतात. मोकळ्या १०००×१०००त कोपऱ्यातून सोडलेली लाट म्हणजे एक तिरपी ओळ. ती कितीही फुगली तरी हजार घरांची, आणि क्यूमध्ये अशा दोन ओळींपेक्षा जास्त नसतं. त्याच ग्रिडमध्ये डीएफएसची "चालू वाट" दहा लाख घरांची होऊ शकते. इथे पारडं उलटं फिरतं. `seen`ची जागा दोघांनाही सारखीच लागते.

---

सरळरेषा

हे मला नवीन आहे. पण मग ग्रिडमध्ये डीएफएसला काही कामच उरलं नाही असं म्हणायचं का?

---

जुनाखांब

अंतर विचारलेलं नसेल तिथे खुशाल वापरा. "पोचता येतं का", "पाण्याने वेढलेले जमिनीचे तुकडे किती", अशा प्रश्नांत घरात शिरलात एवढंच पुरतं, कितव्या पावलाला शिरलात त्याने काही बिघडत नाही. तिथे पहिल्या आलेल्याने निकाल लावला तरी तो खराच असतो. फक्त ग्रिड मोठं असेल तर रिकर्शनऐवजी स्वतःचा स्टॅक ठेवा.

---

भिंतीपलीकडे

मी पुन्हा एक अडचण घेऊन आलोय. माझ्या खेळात खेळाडूला वाटेत एकच भिंत फोडायची मुभा आहे. बीएफएस लावलं, खूण आत टाकतानाच लावली, क्यूमध्ये घराबरोबर "फोडणं शिल्लक आहे का" हेही ठेवलं. तरी या ग्रिडला -१ येतंय:

```
S#.#G
...##
```

डोळ्यांनी तर वाट दिसते. खालून फिरून पहिल्या ओळीतल्या मधल्या घरात यायचं, तिथून दुसरी भिंत फोडली की शेवट. ६ पावलं. म्हणजे बीएफएसही चुकतं?

---

मधलीवाट

तुमचं `seen` फक्त `(r, c)`चं आहे ना?

मधलं घर (०,२) आधी कोण गाठतो बघा. पहिली भिंत फोडून सरळ येणारा, दोन पावलांत. त्याची फोडायची मुभा संपली. घरावर खूण लागली. खालून चालत येणारा चार पावलांत येतो, त्याच्या हातात मुभा शिल्लक आहे, पण त्याला दारातूनच परत पाठवलं जातं. म्हणजे पाऊलखुणांच्या डीएफएसमध्ये जे झालं तेच.

लवकर येणारा चांगला, हे दोघांची परिस्थिती सारखी असेल तरच खरं. मुभा असलेला आणि मुभा संपलेला ही एकाच घरातली दोन वेगळी ठिकाणं समजा. `seen`मध्ये `(r, c, k)` ठेवा, `k` म्हणजे शिल्लक मुभा. ठिकाणं दुप्पट होतील, तेवढंच.

---

भिंतीपलीकडे

६ आलं! मग चिखलाच्या घरात एका पावलाला तीन पावलांचा वेळ लागतो, तेही असंच `k` घालून होईल का?

---

मधलीवाट

नाही, ती वेगळी गोष्ट आहे. तिथे क्यूमधली "दोनच अंतरं"वाली शिस्तच मोडते, ३ने पुढे गेलेलं घर १ने जाणाऱ्याच्या आधी बाहेर निघू शकतं. त्याला डायक्स्ट्रा लागेल. किंवा चिखलात शिरण्याच्या पावलाचे तीन तुकडे करून मधे दोन काल्पनिक घरं घाला आणि बीएफएसच चालवा. किमती लहान असतील तर मला हे सोपं वाटतं.

---

जुनाखांब

मी तिथे सरळ डायक्स्ट्राच घेईन. आज ३ आहे, उद्या कोणी २५० केलं की काल्पनिक घरांनीच ग्रिड भरून जाईल.

---

मधलीवाट

२५० होईल तेव्हा बदलू की. एका चिखलासाठी हीप कशाला? असो, यावर आपलं एकमत होईलसं वाटत नाही.

बाकी माझ्या `dist`वाल्या डीएफएसबद्दल वर जी न वर्गाची मर्यादा निघाली, ती खरोखर गाठणारं ग्रिड बांधता येतं का, याचा प्रयत्न करतेय. एकामागोमाग फेरे लावून एकेका घरात पुन्हा पुन्हा शिरायला लावलंय, पण अजून मर्यादेच्या जवळपासही गेले नाही. कोणाला असं ग्रिड सुचलं तर इथेच टाका.

---

पाऊलखुणा

सगळ्या टेस्ट पास झाल्या. `popleft` मोजून बघितले, मोकळ्या १०००×१०००ला बरोबर दहा लाख, एकही जास्त नाही. सर्वांचे मनापासून आभार.

एक शेवटचं. पुढच्या भागात नुसता आकडा नाही, वाटही छापायचीय. प्रत्येक घराबरोबर आजवरची अख्खी वाट क्यूमध्ये ठेवली तर मेमरी पुन्हा भरेल ना?

---

जुनाखांब

वाटा लांब असतील तर भरू शकते. `seen` सेटऐवजी डिक्शनरी करा आणि त्यात "या घरात कुठून आलो" तेवढंच लिहा: `came[n] = (r, c)`. शेवटच्या घरापासून सुरुवातीपर्यंत मागे मागे जा आणि यादी उलटी करा. त्या वाटेत दिशांच्या क्रमाचा फरक अजूनही दिसेल, कारण सारख्याच लांबीच्या वाटा अनेक असू शकतात. मोकळ्या ३×३त तशा ६ आहेत. क्रम बदलून वाट बदलली तरी चालेल, लांबी बदलली तर धागा पुन्हा वर काढा.